‘येथे क्लिक करा’ म्हणजे नेमके कुठे?

दृष्टिहीन व्यक्ती वेबसाइट कशी वाचते, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिलेले असते. सर्वसाधारण समज असा की स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्राम पान वरपासून खालपर्यंत वाचून दाखवतो आणि ती व्यक्ती ते शांतपणे ऐकत बसते. तसे कुणी करत नाही. डोळस माणूस जसा हवी ती बातमी सापडेपर्यंत वर्तमानपत्रावरून नजर फिरवतो, तसेच स्क्रीन रीडर वापरणारा माणूस पानावरून कान फिरवतो. फरक इतकाच की नजर फिरताना आजूबाजूचे शब्द आपोआप टिपले जातात. कान फिरताना मात्र, जे ऐकायला मागितले तेवढेच मिळते.

एनव्हीडीए हा विंडोजवर चालणारा, फुकट मिळणारा स्क्रीन रीडर आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये त्याचे काम सुरू केले आणि पुढे जेम्स तेह हा त्याचा दृष्टिहीन मित्र त्याला येऊन मिळाला. या प्रोग्राममध्ये `K` हे अक्षर दाबले की वाचन थेट पुढच्या लिंकवर उडी मारते. `Insert` आणि `F7` एकत्र दाबले, की त्या पानावरच्या सगळ्या लिंकची यादी वेगळ्या चौकटीत उघडते. जॉज या दुसऱ्या प्रसिद्ध स्क्रीन रीडरमध्येही लिंकची यादी याच बटणांनी मिळते. आयफोनवर रोटर नावाची सोय आहे. ती ‘लिंक’वर ठेवली की बोट खाली सरकवत एकामागून एक लिंक ऐकता येतात. अँड्रॉइडच्या टॉकबॅकमध्येही तसेच करता येते.

या यादीत पानावरची वाक्ये नसतात. तिथे फक्त लिंकचे शब्द येतात, म्हणजे ज्यांवर टिचकी मारली की दुसरे काही उघडते तेवढेच शब्द. वेबच्या परिभाषेत त्यांना अँकर टेक्स्ट म्हणतात. आधीचे वाक्य, नंतरचे वाक्य, शेजारचे चित्र, वरचा मथळा यांतले काहीही सोबत येत नाही.

आता कल्पना करा, एका शिक्षण संस्थेच्या वेबसाइटवर शिष्यवृत्तीचे पान आहे आणि त्यावर हा मजकूर आहे: ‘शिष्यवृत्तीची संपूर्ण माहिती वाचण्यासाठी येथे क्लिक करा. अर्जाचा नमुना डाउनलोड करण्यासाठी येथे क्लिक करा. उत्पन्नाच्या दाखल्यासंबंधी सूचनांसाठी येथे क्लिक करा. मागील वर्षीची निवड यादी इथे पाहा. काही अडचण असल्यास येथे संपर्क साधा.’ लिहिणाऱ्याची काही चूक झाली आहे असे वाचताना जाणवत नाही. पाच वाक्ये, पाच सोयी, आणि प्रत्येक वाक्यात निळ्या रंगात अधोरेखित केलेले एक ते तीन शब्द.

ज्या विद्यार्थिनीला यातला फक्त अर्जाचा नमुना हवा आहे आणि जी स्क्रीन रीडर वापरते, ती यादी उघडते. तिच्या कानावर पडते: ‘येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. इथे पाहा. येथे.’ यांतली कोणती लिंक अर्जाची, हे ओळखायला तिला मार्ग नाही. यादी बंद करून तिला पानावर परत यावे लागते आणि एकेक ओळ ऐकत योग्य ‘येथे’ शोधावे लागते. पान पाच लिंकचे असेल तर हे मिनिटभराचे काम आहे. पण नोकरभरतीच्या किंवा निविदांच्या पानावर अशा चाळीस-पन्नास लिंक एकाखाली एक असतात, आणि तिथे ती यादी निरुपयोगी होऊन बसते.

हाच मजकूर पुन्हा लिहू. पहिली लिंक ‘शिष्यवृत्तीचे नियम आणि पात्रता’ अशी करता येईल. ‘संपूर्ण माहिती’ हे शब्द मी मुद्दाम टाळले, कारण उघडल्यावर काय दिसेल हे त्यांतून कळत नाही. दुसरीसाठी ‘अर्जाचा नमुना’ हे शब्द आधीपासून वाक्यात होतेच. त्यांनाच लिंक केले तरी बरेच साधते. तरी यादीत एकट्याने ऐकताना ‘कशाचा अर्ज?’ हा प्रश्न उरतो, कारण त्याच पानाच्या कडेला प्रवेश अर्जाची आणि वसतिगृहाच्या अर्जाचीही लिंक असू शकते. म्हणून ‘शिष्यवृत्ती अर्जाचा नमुना (पीडीएफ, २ पाने)’. कंसातला तपशील चैनीचा नाही. पीडीएफ अनेकदा वेगळ्या प्रोग्राममध्ये उघडते, तिथे स्क्रीन रीडरच्या सवयीच्या खुणा बदलतात, आणि स्कॅन करून टाकलेली पीडीएफ तर त्याला थेट वाचता येत नाही. काय उघडणार आहे हे आधी कळले तर माणूस तयारीने आत जातो. तिसरी लिंक ‘उत्पन्नाचा दाखला कोणता आणि कुठून घ्यावा’ अशी. चौथी ‘शिष्यवृत्ती निवड यादी, २०२४-२५’. मूळ मजकुरातला ‘मागील वर्षी’ हा शब्दप्रयोग दोन वर्षे कुणी पान बदलले नाही तर खोटा ठरतो, आणि यादीत सुटा ऐकला तर मुळीच कळत नाही. पाचवी लिंक ईमेल उघडते, म्हणून तिने तसे सांगावे: ‘शिष्यवृत्ती विभागाला ईमेल करा’. दुसऱ्या पानाची अपेक्षा धरून बसलेल्या माणसासमोर अचानक ईमेलचा प्रोग्राम उघडला तर आपण कुठे आलो हेच त्याला कळेनासे होते.

कोडमध्ये यासाठी काही विशेष करावे लागत नाही. फक्त खुणेच्या आत योग्य शब्द हवेत:

```
<a href="arj.pdf">शिष्यवृत्ती अर्जाचा नमुना (पीडीएफ, २ पाने)</a>
```

‘लिंक’ हा शब्द मात्र आत घालू नये. स्क्रीन रीडर प्रत्येक लिंकच्या आधी किंवा नंतर ‘लिंक’ असे स्वतःहून सांगतो, त्यामुळे ‘अर्जाची लिंक’ असे लिहिले की तो शब्द दोनदा ऐकू येतो.

याबाबत नियम काय म्हणतात? वेब सर्वांना वापरता यावे यासाठी जगभर जी मार्गदर्शक तत्त्वे मानली जातात, त्यांचे संक्षिप्त नाव डब्ल्यूसीएजी. त्यांची दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि लिंकविषयीचे दोन निकष तिच्यापासून आहेत. पहिला, २.४.४ क्रमांकाचा, अगदी प्राथमिक पातळीवरचा: लिंक कशासाठी आहे हे तिच्या शब्दांवरून, किंवा ते शब्द आणि त्यांच्या लगतचा संदर्भ मिळून कळले पाहिजे. लगतचा म्हणजे त्याच वाक्यातला, त्याच परिच्छेदातला, यादीच्या त्याच कलमातला किंवा तक्त्याच्या त्याच रकान्यातला. दुसरा, २.४.९ क्रमांकाचा, सर्वांत वरच्या पातळीवरचा: केवळ लिंकच्या शब्दांवरून हेतू कळला पाहिजे. भारतात सरकारी संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांची २०२३ ची तिसरी आवृत्ती डब्ल्यूसीएजीची मधली पातळी गाठण्यास सांगते. मधल्या पातळीत पहिला निकष येतो, दुसरा येत नाही.

म्हणजे शिष्यवृत्तीच्या त्या पानावरची पाचही ‘येथे’ नियमाच्या चाळणीतून सुखरूप खाली उतरतात, कारण त्याच वाक्यात संदर्भ आहे. ‘आमची वेबसाइट निकषात बसते’ हे त्या संस्थेचे म्हणणे खरे ठरते आणि विद्यार्थिनीला अर्ज मात्र सापडत नाही. माझ्या मते, लिहिणाऱ्याने इथे पहिल्या निकषावर थांबू नये. दुसरा निकष कागदावर वरच्या पातळीचा असला तरी तो पाळायला ना पैसे लागतात ना तंत्रज्ञ. वाक्य लिहिताना थोडा विचार लागतो.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. वेबएम ही अमेरिकेतली संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची वेळोवेळी पाहणी करते, आणि तिच्यात वारंवार दिसते की मोठ्या पानावर माहिती शोधताना बहुतेक जण आधी मथळ्यांवरून उड्या मारतात. थेट लिंककडे वळणारे त्या मानाने कमी. त्यामुळे पानावर मथळे नीट नसतील तर केवळ लिंक सुधारून पान सुधारले असे होत नाही. पण मथळ्यापाशी पोहोचल्यावरही टॅबचे बटण दाबत पुढे जाणे ही नेहमीची रीत आहे, आणि टॅब लिंकवरून लिंकवर जातो, मधली वाक्ये गाळून. पडदा मोठा करून वाचणाऱ्या अंधुकदृष्टी माणसाचेही तसेच होते. आठपट मोठे केले की पडद्यावर मूळ पानाचा चौसष्टावा भाग उरतो. त्यात ‘येथे’ हा निळा शब्द दिसतो, आणि तो कशासाठी आहे हे सांगणारे अर्धे वाक्य पडद्याबाहेर डावीकडे राहते.

डावीकडे, कारण मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. ‘अमुक करण्यासाठी येथे क्लिक करा’ या साच्यात अर्थाचे सगळे शब्द आधी येऊन जातात आणि लिंक मिळते ती उरलेल्या शेपटाला. मराठी वेबसाइटींवर हा साचा इतका रुळला आहे तो म्हणूनच. वाक्य म्हणून तो सहज वाटतो. त्यावरचा उपायही त्याच वाक्यात असतो. शेपूट कापून टाकावे आणि आधी आलेल्या नामाला लिंक करावे. ‘अर्जाचा नमुना डाउनलोड करण्यासाठी येथे क्लिक करा’ यातून ‘अर्जाचा नमुना डाउनलोड करा’ उरते आणि तेवढे पुरते.

मराठीची दुसरी अडचण विभक्तीची. वाक्याच्या ओघात नाम मूळ रूपात क्वचितच राहते. मराठी विकिपीडियाचे संपादक हा प्रश्न रोज सोडवतात. लेखात ‘पुण्यात’ असा शब्द आहे आणि लिंक ‘पुणे’ या लेखाकडे न्यायची आहे, तर ते असे लिहितात:

```
[[पुणे|पुण्यात]]
```

आडव्या रेघेआधी लेखाचे नाव, रेघेनंतर वाचकाला दिसणारा शब्द. ‘पुण्यात’ हा शब्द यादीत सुटा ऐकला तरी लिंक पुण्याविषयी आहे हे कळते, त्यामुळे ज्ञानकोशात हे चालून जाते. याउलट, प्रत्यय बाहेर ठेवून केवळ ‘नागपूर’ला लिंक करणे आणि ‘ला’ तिच्याबाहेर सोडणे वाईट. ऐकताना शब्द मधोमध तुटतो. पण जिथे लिंकवर जाऊन काही काम करायचे आहे, अर्ज भरायचा, यादी पाहायची, पैसे भरायचे, तिथे मी लिंक वाक्यात गुंफायच्या फंदात पडत नाही. ‘अर्जाच्या नमुन्यात दिल्याप्रमाणे’ यातल्या ‘नमुन्यात’वर लिंक देण्यापेक्षा, वाक्य संपवून खाली ‘शिष्यवृत्ती अर्जाचा नमुना’ अशी स्वतंत्र ओळ द्यावी. नाम मूळ रूपात राहते आणि लिंक एखाद्या फलकासारखी स्वच्छ वाचता येते.

शब्दांच्या क्रमालाही इथे वेगळे महत्त्व आहे. मराठीत विशेषणे आणि तपशील आधी येतात, मुख्य नाम शेवटी. त्यातून सरकारी पानांवर असल्या लिंक तयार होतात: ‘सन २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाकरिता मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा नमुना’. अशा वीस लिंक एकाखाली एक असतील आणि प्रत्येक ‘सन २०२४-२५ या शैक्षणिक वर्षाकरिता’ने सुरू होत असेल, तर ऐकणाऱ्याला दर वेळी पाच-सहा शब्द सोसल्यावर फरकाचा शब्द मिळतो. स्क्रीन रीडर वापरणारे सराईत लोक यादी ऐकताना पहिले एक-दोन शब्द ऐकून, कामाचे नसेल तर लगेच पुढे सरकतात. शिवाय एनव्हीडीएच्या यादीत काही अक्षरे टाइप करून शोध घेता येतो. तो तेव्हाच उपयोगी पडतो जेव्हा माणसाच्या मनातला शब्द लिंकमध्ये असतो. म्हणून वेगळेपणाचा शब्द पुढे आणावा आणि वर्ष शेवटी न्यावे: ‘शिष्यवृत्ती अर्ज, मागासवर्गीय विद्यार्थी, २०२४-२५’. हे वाक्यासारखे वाटत नाही, आणि त्याची गरजही नाही.

बातम्यांच्या संकेतस्थळांवर ‘येथे’ची जागा ‘अधिक वाचा’ने घेतली आहे. मुखपृष्ठावर तीस बातम्यांच्या चौकटी, आणि प्रत्येकीखाली तेच दोन शब्द. इथे सगळ्यांत सोपी गोष्ट म्हणजे मथळ्यालाच लिंक करणे आणि ‘अधिक वाचा’ काढून टाकणे. मथळा लिहिण्यासाठी संपादकाने आधीच डोके खर्च केलेले असते. मांडणीसाठी ते शब्द हवेच असतील, तर पुढे बातमीचे नाव जोडून ते नजरेला न दिसणारे पण स्क्रीन रीडरला ऐकू येणारे ठेवता येते. काही तंत्रज्ञ यासाठी `aria-label` वापरून ऐकू येणारे शब्द पूर्णपणे वेगळे ठेवतात. ते करताना दिसणारे शब्द जसेच्या तसे आणि आधी यायला हवेत. हात चालत नसल्याने आवाजाने संगणक चालवणारा माणूस पडद्यावर जे दिसते तेच बोलतो, आणि लिंकचे आतले नाव वेगळे असेल तर संगणक ढिम्म हलत नाही.

याहून वाईट स्थिती शब्दच नसलेल्या लिंकची. फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअॅपची छोटी चित्रे, पीडीएफचे लाल चिन्ह, मुखपृष्ठाचे घराचे चित्र. चित्रालाच लिंक असेल तर त्या चित्राचा पर्यायी मजकूर हेच लिंकचे शब्द ठरतात. तो रिकामा असेल तर स्क्रीन रीडर नाइलाजाने पत्त्याचा एखादा तुकडा किंवा फाइलचे नाव वाचतो, आणि माणसाला काहीतरी अगम्य आकडे ऐकू येतात. वेबएम दरवर्षी जगातल्या दहा लाख मुखपृष्ठांची यंत्राने तपासणी करते. गेल्या काही वर्षांत जवळपास ४५ टक्के पानांवर अशी निदान एक रिकामी लिंक आढळते आहे.

लिंकचे शब्द पानापासून सुटून जिथे जातात असे आणखी एक ठिकाण आहे, ते म्हणजे शोधयंत्र. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये गूगलविषयी जो शोधनिबंध लिहिला, त्यात लिंकचे शब्द ज्या पानावर आहेत त्याच्याशीच नव्हे, तर ज्या पानाकडे ती लिंक जाते त्याच्याशीही जोडले जातात, असे स्पष्ट केले होते. दुसरे लोक एखाद्या पानाला काय म्हणतात, यावरून त्या पानाचा विषय कळतो, हा त्यामागचा विचार. याचा एक परिणाम बरीच वर्षे दिसत होता. गूगलवर इंग्रजीत ‘क्लिक हिअर’ असे शोधले की अडोबी रीडर डाउनलोड करण्याचे पान अग्रस्थानी येत असे. त्या पानाचा या शब्दांशी काही संबंध नव्हता. पण ‘पीडीएफ वाचण्यासाठी रीडर हवा असल्यास येथे क्लिक करा’ अशी सूचना असंख्य वेबसाइटींनी त्या शब्दांनाच लिंक करून टाकलेली होती. शिष्यवृत्तीच्या पानाकडे जाणाऱ्या सगळ्या लिंक ‘येथे’ म्हणत असतील, तर शोधयंत्रालाही त्या पानाबद्दल एवढेच कळते.

आपल्या पानाची स्थिती तपासायची तर एनव्हीडीए उतरवून घेऊन यादी ऐकणे उत्तम. तेवढे शक्य नसेल, तर ब्राउझरमध्ये पान उघडून `F12` दाबावे, Console या भागात ही ओळ टाकून एंटर करावे:

```
[...document.links].map(a => a.textContent.trim())
```

पानावरच्या सगळ्या लिंकचे शब्द एकाखाली एक दिसतात. जिथे रिकामी अवतरणचिन्हे दिसतील तिथे बहुधा चित्राची लिंक असते; त्या चित्राला पर्यायी मजकूर आहे का, ते वेगळे पाहावे. मग ही यादी, मूळ पान न पाहिलेल्या कुणाला तरी फोनवर वाचून दाखवावी आणि कुठल्या लिंकवर काय मिळेल, हे त्यांना सांगायला लावावे. जिथे ते अडखळतील ती लिंक पुन्हा लिहावी. फार लांब लिंकही याच वेळी लक्षात येते. अख्खा परिच्छेद लिंक केलेला असेल तर वाचता वाचता आपल्यालाच दम लागतो. दोन ते सात-आठ शब्दांत बहुतेक लिंक बसतात, हा माझा अंदाज आहे. तो नियम नव्हे.

व्हॉट्सअॅपवर मात्र शब्दांमागे लिंक दडवण्याची सोयच नाही. तिथे पत्ता उघडाच पाठवावा लागतो. मराठी अक्षरे असलेला पत्ता कॉपी केला की अनेकदा त्याचे रूपांतर टक्केवारीच्या चिन्हांत होते. देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलाही, नऊ चिन्हे लागतात. ‘मराठी’ या एका शब्दाची म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी धरून पंचेचाळीस चिन्हे होतात:

```
%E0%A4%AE%E0%A4%B0%E0%A4%BE%E0%A4%A0%E0%A5%80
```

स्क्रीन रीडर हे चिन्हागणिक वाचू लागला की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि डोळस माणूसही त्यातून काही ओळखू शकत नाही. म्हणून पाठवताना पत्त्याच्या आधीच्या ओळीत तो कशाचा आहे ते लिहावे: ‘शिष्यवृत्ती अर्जाचा नमुना, पीडीएफ, शेवटची तारीख ३१ जुलै’, आणि त्याखाली पत्ता. नंतर लिहिले तर ऐकणाऱ्याला आधी ती पंचेचाळीस चिन्हे पार करावी लागतात. गटात पाच पत्ते पाठवायचे असतील तर प्रत्येकाच्या वर त्याची ओळ हवी. ‘खालील सर्व लिंक महत्त्वाच्या आहेत’ असे एकदाच लिहून भागत नाही, कारण पुढे कुणीतरी त्यांतली एकच उचलून दुसऱ्या गटात पाठवतो.